जिन कमी भरतेय, पण टॉनिकचं काय?

«आमचं पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ छोटं बार अँड रेस्टॉरंट आहे. गेल्या सीझनला पोअर कॉस्ट ३० टक्क्यांच्या आसपास होती, या नोव्हेंबरात ३८ आली. महिनाअखेर स्टॉक मोजला तर व्हिस्की, जिन, व्होडका सगळंच सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा कमी. काउंटरवर दोघं आहेत, एक बरीच वर्षं आमच्याकडे असलेला, दुसरा यंदाच सावंतवाडीहून आलेला. घरचे म्हणतात, नव्याला काढून टाक. यंदा पाच ते सात हॅपी अवर सुरू केलाय, एकावर एक. कॅमेऱ्यात काही सापडलं नाही. एका व्हिस्कीचा आठवड्याचा हिशेब आणि सॉफ्टवेअरची आयटम लिस्ट सोबत जोडतोय. चोर पकडायचा कसा?»
— एक वाचक, पेडणे

नव्या पोराला निदान पुढचे चार आठवडे तरी काढू नका. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून चोरी झाली हे अजून सिद्धच होत नाही, आणि झाली असलीच तर ती कोणी केली हे त्याहून नाही.

आधी त्या ३८ टक्क्यांचं बघू. पोअर कॉस्ट म्हणजे वापरलेल्या दारूची खरेदी किंमत भागिले तिची विक्री. यातला कुठलाही आकडा हलला की टक्केवारी हलते, एक थेंब इकडचा तिकडे न होता. तुमच्या कागदावर ही व्हिस्कीची बाटली गेल्या वर्षी ६०० रुपयांना पडलेली दिसते. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग, म्हणजे पेग २४ रुपयांना पडला. तो ८० ला विकला की बरोबर ३० टक्के. आता तीच बाटली ६८० ला येते, म्हणजे पेग २७ रुपये २० पैशांना, आणि मेनूवर अजून ८० च आहेत. झाले ३४ टक्के. वर हॅपी अवर. एकावर एक दिला की दोन पेगांचे मिळून ८० येतात, म्हणजे त्या वेळातला प्रत्येक पेग ४० ला जातो. ओतलेल्या पाच पेगांतला एक जरी असा गेला, तरी सरासरी विक्री ७२ वर येते. २७.२० भागिले ७२, उत्तर ३७.८ टक्के.

म्हणजे या व्हिस्कीपुरती तुमची वाढ कुणीही काही न चोरता भरून निघते. तेव्हा प्रत्येक ब्रँडसाठी आधी ‘आजच्या खरेदी दराने, आजच्या मेनूने, आजच्या हॅपी अवरने किती यायला हवी होती’ ती पोअर कॉस्ट काढा. गेल्या सीझनच्या तीसशी तुलना करून काही हाती लागणार नाही. गेलेली दारू शोधायची तर रुपये बाजूला ठेवा आणि मिलीत मोजा, कारण मिलीला भाववाढ नसते. (विक्रीचा आकडा घेताना कर वगळलेला घ्या. कधी करासकट, कधी कराशिवाय, असं झालं की दोन महिन्यांची तुलनाच होत नाही.)

आता मिलीत. तुमचाच कागद घेतो. सोमवारी सकाळी सुरुवातीचा साठा १०,८०० मिली. आठवड्यात दोन पेट्या आल्या, २४ बाटल्या, म्हणजे १८,००० मिली. पुढच्या सोमवारी उरलं ७,२०० मिली. वापर झाला २१,६०० मिली, म्हणजे ७२० पेग. सॉफ्टवेअर म्हणतं ६०० पेग विकले. १२० पेग गायब, जवळजवळ पाच बाटल्या. हा आकडा बघून घरच्यांचा पारा चढला असेल तर नवल नाही.

पण तुमची आयटम लिस्ट उघडा. त्यात ‘व्हिस्की १+१’ असं वेगळं बटण आहे, किंमत ८०, आणि त्याला जोडलेलं माप आहे ३० मिली. गिऱ्हाइकाला जातात ६० मिली. म्हणजे हॅपी अवरचं प्रत्येक बिल कारकुनी चुकीनं एक पेग गायब करतं. त्या आठवड्यात हे बटण ७८ वेळा दाबलं गेलं. १२० मधून ७८ गेले, राहिले ४२. मग तुमच्याच कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘शुक्र. १ फुटली’. ती बाटली कुठेच वजा केलेली नाही. आणखी २५ पेग गेले, राहिले १७. प्रत्यक्ष गिऱ्हाइकाला गेलेल्या ६७८ पेगांवर १७ पेग म्हणजे अडीच टक्के, पेगामागे पाऊण मिली. मापात राहिलेला थेंब, नोझलची गळती, भरल्या गर्दीत सांडलेला एखादा पेग, यात हे सगळं आलं. पेग मेजर वापरणाऱ्या काउंटरवर मी एक ते दोन टक्के घट धरतो, नुसत्या हातानं ओतणाऱ्या काउंटरवर चार-पाचपर्यंत. या व्हिस्कीत चोर नाही. फुटलेल्या बाटलीची मान मात्र बूच आणि सीलसकट जपून ठेवायला सांगा आणि ती बघितल्याशिवाय ‘फुटली’ लिहू देऊ नका, कारण हा शब्द लिहायला फार सोपा आहे.

अशाच कारकुनी कारणांत आणखी तीन तुमच्याकडे असण्याची दाट शक्यता आहे. एक, होलसेलरची स्कीम. पेट्यांवर फुकट आलेली बाटली चलनात किमतीशिवाय असते, म्हणून खरेदीत चढत नाही, पण फळीवर मात्र चढते. ती तेवढीच तूट झाकून टाकते आणि स्कीम बंद झाली की तूट ‘अचानक’ दिसायला लागते. दोन, दिवस बदलण्याची वेळ. सॉफ्टवेअर रात्री बाराला तारीख बदलत असेल आणि तुम्ही दोनला शटर ओढत असाल, तर त्या दोन तासांची विक्री भलत्याच दिवसात जाते. तीन म्हणजे तुम्ही स्वतः. मालकाचे मित्र, पंचायतीतली माणसं, मुंबईहून आलेला मेहुणा. ‘ह्याचं बिल घेऊ नको रे’ म्हणून सांगितलेला प्रत्येक पेग स्टॉकमधून जातो आणि बिलात येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शून्य किमतीचं ‘मालक’ असं बटण करा आणि आपल्या माणसांचे पेग त्यावर दाबायला लावा. माझ्या अनुभवात छोट्या बारची तूट शोधता शोधता कितीदा तरी हिशेब मालकाच्याच टेबलावर येऊन थांबतो. काउंटरवरच्या पोराला हे माहीत असतं, पण तो बोलणार कसा?

एवढं सगळं वजा करूनही जिन आणि व्होडकात तूट उरली, तर मग खरा तपास सुरू होतो. कॅमेऱ्यात काही सापडलं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. कॅमेऱ्यात माणूस पेग ओतताना दिसतो, आणि ओतणं हेच त्याचं काम आहे. त्या पेगाचं बिल झालं की नाही हे चित्रात दिसत नाही. त्यापेक्षा चांगला साक्षीदार तुमच्या फ्रिजमध्ये आहे: टॉनिक.

जिन कोरी पिणारे थोडे. जवळपास प्रत्येक जिनबरोबर टॉनिकची एक कॅन किंवा बाटली उघडते, आणि ती नगावर मोजता येते. अर्धी, पाव असा प्रश्न येत नाही. त्यामुळे जिनची तूट टॉनिकच्या तुटीशेजारी ठेवून बघा. समजा आठवड्यात जिनचे २१० पेग बिलात आहेत आणि वापर २५२ चा, म्हणजे ४२ कमी. टॉनिक बिलात १९०, फ्रिजमधून गेली २२६, म्हणजे ३६ कमी. याचा अर्थ सरळ आहे: तीसेक भरलेले ग्लास काउंटरवरून बिलाशिवाय टेबलावर गेले. कुणीतरी रोख पैसे घेतले, किंवा ओळखीच्याला फुकट पाजले, किंवा बिल छापून पैसे घेऊन मग रद्द केलं. आता समजा जिन ४२ पेग कमी, पण टॉनिक जेमतेम तीनचार कमी. मग ग्लास जेवढे गेले तेवढ्यांचं बिल झालंय, फक्त प्रत्येक ग्लासात जिन जास्त गेली. ४२ पेग म्हणजे १,२६० मिली, भागिले २१०, पेगामागे ६ मिली. ३० च्या जागी ३६ पडतायत. हा जड हात आहे. पैसे तुमचे जातातच, पण याला चोर म्हणून बाहेर काढण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट, कारण ती स्टॉकमध्ये दिसतच नाही. जिन मिलीला मिली जुळते आणि टॉनिक मात्र ३६ कमी. मग दारू तुमची नव्हतीच. गोव्यात कोपऱ्याकोपऱ्यावर वाईन शॉप आहे. बॅगेतून एक बाटली आत आणायची, तुमच्या ग्लासात, तुमच्या बर्फावर, तुमच्या टॉनिकबरोबर विकायची आणि २५ पेगांचे पैसे खिशात. तुमची पोअर कॉस्ट झकास राहते, तूट शून्य, फक्त विक्री बसते आणि तुम्ही म्हणता, यंदा सीझन थंड आहे. यावर उपाय जुना आहे आणि चालतो: स्टोअरमधून निघणाऱ्या प्रत्येक बाटलीला तळाशी आपला क्रमांकाचा स्टिकर, आणि रिकामी स्टिकरवाली बाटली परत आल्याशिवाय नवी नाही. रिकामी बाटली भंगारात जाण्याआधी तिच्या लेबलवर मार्करनं फुली. आठवड्याच्या रिकाम्यांत बिनस्टिकरची एक जरी सापडली, तरी तिनं तुम्हाला बरंच सांगितलं.

टॉनिकच्या साक्षीला एक अट आहे. किचनमधली पोरं उन्हातून आल्यावर फ्रिजमधलं टॉनिक किंवा सोडा पीत असतील, तर आकडा बिघडतो. त्यांच्यासाठी वेगळ्या बाटल्या ठेवा किंवा वहीत रेघ मारायला लावा. व्होडकाला असा चोख साक्षीदार नाही, ती कशातही जाते. तिथे मी जिनवरून निघालेलाच निष्कर्ष आधी लावून बघतो, कारण हात तोच असतो.

बेरीज करताना ब्रँड एकत्र करू नका, हेही इथेच सांगतो. स्वस्त व्होडका ४० पेग कमी आणि महाग व्होडका ३८ पेग जास्त असेल, तर ‘व्होडका’ म्हणून तूट फक्त दोन पेगांची दिसते आणि तुम्ही खूश. पण साठा कधी आपोआप वाढत नाही. एकतर बिल करणारा शेजारचं बटण दाबतोय, किंवा गिऱ्हाइकाला महागाचं बिल देऊन स्वस्त पाजलं जातंय आणि उरलेली महाग दारू पुढे बिलाशिवाय विकायला मोकळी राहतेय. चुकून दाबलेलं बटण सगळ्या वेळांत थोडं थोडं विखुरलेलं असतं. मुद्दाम केलेलं रात्री उशिरा, गर्दीच्या टेबलांवर गोळा होतं. तारीखवार लावून बघा.

जड हात तपासायला पाच मिनिटं लागतात. दुपारी बार उघडायच्या आधी दोघांनाही बोलवा, एकट्या नव्याला नाही. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, रोज वापरतात तीच नोझल लावा आणि रोजच्या वेगानं दहा लहान पेग दहा ग्लासांत ओतायला सांगा. मग सगळं एका मोजपात्रात घाला. ३०० ते ३१० आलं तर हात चांगला. ३५० आलं तर पेगामागे ५ मिली, म्हणजे दर सहा पेगांमागे एक फुकट. २७० आलं तर जास्त लक्ष द्या. जो गिऱ्हाइकाला कमी ओततो त्याच्याकडे दर दहा पेगांमागे एक साठतो, आणि तो साठलेला पेग कुठं जातो ते विचारायला हवं. हातानं ओतणं दिसायला फर्मास असतं, पण तुमच्या आकाराच्या बारला ते परवडत नाही. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पेग मेजर दोघांच्याही हातात द्या. गिऱ्हाइकानं तक्रार केली तर तोच शिक्का तुमच्या कामी येईल.

मोजणी महिन्यातून एकदा करून उपयोग नाही. तीस दिवसांनी तूट कळली तर ती कुठल्या रात्रीची हे सांगता येत नाही. सोमवारी सकाळी, गल्ला उघडायच्या आधी, दर आठवड्याला मोजा. उघड्या बाटल्या नजरेनं ‘अर्धी’, ‘पाव’ लिहू नका. नजर एका दहाव्या हिश्शानं चुकली तरी ७५ मिली गेले, म्हणजे अडीच पेग, आणि तुमच्या फळीवर वीसेक बाटल्या उघड्या असणार. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. प्रत्येक ब्रँडची एक सीलबंद बाटली आणि एक रिकामी बाटली बुचासकट एकदाच तोलून ठेवा. व्हिस्कीत या दोन वजनांतला फरक सुमारे ७१० ग्रॅम येईल, कारण दारू पाण्यापेक्षा हलकी. मग उघडी बाटली तोला, त्यातून रिकामीचं वजन वजा करा, त्या पूर्ण फरकानं भागा आणि ७५० नं गुणा. मिली हातात. लिक्युअरमध्ये साखर असते, ती जड असतात, पण ही पद्धत प्रत्येक ब्रँडच्या स्वतःच्या वजनावर चालते, म्हणून त्यांनाही लागू पडते. नोझल काढून तोला, नाहीतर तिचंच वजन पेगभर भरतं. फेणी कॅनमध्ये येत असेल तर आल्या आल्या पोरांसमोर काट्यावर चढवा. कॅनवर लिहिलेल्या लिटरांवर आयुष्यभर विश्वास ठेवणारे मालक मी पाहिले आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, माणसाचा. हॅपी अवरचं बटण दुरुस्त करा, ‘मालक’ बटण चालू करा, पेग मेजर द्या आणि पहिले दोन आठवडे दोघांना आहे त्या पाळीतच ठेवा. जिन आणि टॉनिक या दोन गोष्टी मात्र रोज पाळी बदलताना मोजा, जाणारा आणि येणारा दोघांच्या सहीनं. मग पुढचे दोन आठवडे पाळ्या अदलाबदल करा, कारण सांगायची गरज नाही. तूट माणसाबरोबर पाळी बदलून गेली तर कारण माणूस आहे. तूट संध्याकाळच्या पाळीतच राहिली, कोणीही उभा असो, तर कारण त्या वेळात आहे: गर्दी, हॅपी अवर, किंवा त्या वेळी गल्ल्यावर बसणारं कुणी. गल्ल्यावर कोण बसतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरचंच कुणी असेल तर रद्द बिलांची यादी त्यांच्या लॉगिननंही काढा. आणि जुन्याचा पासवर्ड नवा वापरत असेल, तर ते आजच बंद करा, नाहीतर त्या यादीवरचं नाव कुणाचंही असू शकतं. टेबलावरचे क्यूआर कोडही एकदा स्वतःच्या फोननं स्कॅन करून पैसे कुणाच्या नावावर जातात ते बघा.

चार आठवड्यांनी बोट एकाकडे गेलंच, तर चारचौघांत नको, आत बसवून त्याच्यासमोर तारीखवार कागद ठेवा आणि त्याचं काय म्हणणं आहे ते ऐकून घ्या. तूट दोघांच्या पगारातून निम्मी निम्मी कापायचा विचार घरात निघाला असेल तर तो सोडा. ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान पगारातून कापायचं तर ते त्याच्याच हयगयीनं झालं हे दिसावं लागतं, त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. तुमच्या व्हिस्कीच्या १२० पेगांपैकी ७८ बटणानं खाल्ले होते. ते कुणाच्या पगारातून कापणार होता?